उपाशीपोटीच्या साखरेवरून रात्रीच्या इन्सुलिनचे युनिट ठरवताना

टाइप २ मधुमेहात गोळ्या पुरेनाशा झाल्या की डॉक्टर बहुधा दिवसातून एकदा घ्यायचे, संथपणे आणि दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन सुरू करतात. यालाच बेसल इन्सुलिन म्हणतात. ग्लार्जिन आणि डेग्लुडेक ही त्यातील नेहमी लिहिली जाणारी नावे आहेत. सुरुवातीचा डोस मुद्दाम कमी ठेवलेला असतो, साधारणपणे १० युनिट, किंवा वजनाच्या दर किलोमागे ०.१ ते ०.२ युनिट. हा डोस पुरेल अशी अपेक्षा डॉक्टरांचीही नसते. तेथून पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो आणि त्यासाठी अनेक डॉक्टर रुग्णाच्या हाती एक लेखी योजना देतात. अशी योजना हाती असलेल्या, टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. ज्यांच्याकडे लेखी योजना नाही त्यांनी यातील आकडे उचलून स्वतःची योजना तयार करू नये. टाइप १ मधुमेह, गरोदरपण आणि लहान मुले यांचे नियम वेगळे असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तरीही डॉक्टर वेगळे आकडे लिहून देतात.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. आपल्याकडे ३०/७० असे लिहिलेले मिश्र इन्सुलिन अनेक घरांत असते. त्यात जलद आणि मध्यम गतीचे इन्सुलिन एकत्र असते, त्यामुळे सकाळची साखर पाहून त्याचे युनिट वाढवले की जेवणानंतर काम करणारा भागही सोबत वाढतो. पुढे सांगितलेली रीत मिश्र इन्सुलिनला लावायची नाही.

सकाळच्या आकड्याचा अर्थ

रात्री आपण काही खात नाही, तरीही यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहते. मधुमेहात या सोडण्यावरचा लगाम सैल पडतो. बेसल इन्सुलिनचे काम हा लगाम धरून ठेवण्याचे आहे, जेवणातून आलेली साखर आवरण्याचे नाही. म्हणूनच त्याचा डोस उपाशीपोटीच्या साखरेवरून ठरवतात. दुपारच्या जेवणानंतर २४० आले म्हणून रात्री दोन युनिट जास्त घेणे हे भलत्याच रोगाला औषध देण्यासारखे आहे.

डोस एका सकाळच्या आकड्यावरून न बदलता तीन सकाळच्या आकड्यांवरून बदलण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की ग्लार्जिनचा डोस बदलल्यावर त्याचा पूर्ण परिणाम स्थिरावायला दोन ते चार दिवस लागतात, त्यामुळे काल वाढवलेले युनिट आजच्या आकड्यात अर्धवटच दिसतात. डेग्लुडेक आणि ३०० युनिट ताकदीचे ग्लार्जिन यांना आणखी वेळ लागतो. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच बदल करायला सांगितले असेल, तर तो उशीर नसून हिशेब आहे. दुसरे कारण ग्लुकोमीटरचे. चांगल्या मीटरलाही सुमारे १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते, म्हणून ११८ आणि १३१ हे दोन आकडे प्रत्यक्षात एकच असू शकतात. तीन आकडे एकाच बाजूला झुकले तरच त्या कलावर विश्वास ठेवावा.

आकडा खरा असल्याची खात्री

माझ्या मते डोस ठरवण्यातील बहुतेक चुका गणितात होत नाहीत, त्या आकडा घेण्यात होतात. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही न घेता. बिनसाखरेचा चहाही नको, कारण त्यात दूध असते. उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मोजावे. रंकाळ्याला फेरी मारून आल्यावर घेतलेला आकडा योजनेच्या हिशेबात धरू नये, कारण चालण्याने साखर उतरलेली असू शकते आणि काहींची सकाळी उठून हालचाल सुरू झाल्यावर चढतेही.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. गुऱ्हाळाच्या हंगामात ज्यांच्या घरी उसाचा, काकवीचा किंवा गुळाचा राबता असतो त्यांनी हे विशेष पाळावे. बोटावर गुळाचा न दिसणारा अंश असला तरी त्या इवल्याशा थेंबात तो मिसळतो आणि मीटर खुशाल १६० च्या जागी २५० दाखवते. अनपेक्षित आकडा आला तर हात पुन्हा धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासावे आणि दुसरा आकडा वहीत लिहावा. स्ट्रिपच्या डबीवरची मुदत पाहावी आणि झाकण लगेच घट्ट लावावे. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या स्ट्रिप लवकर खराब होतात.

वहीत सकाळच्या आकड्यासमोर तीन गोष्टी लिहिण्याची सवय ठेवावी: आदल्या रात्री किती युनिट घेतले, जेवण किती वाजता झाले आणि नेहमीपेक्षा वेगळे काय घडले. रात्री साडेदहाला गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा मोठा पेला घेतला असेल, तर सकाळच्या १९० चा दोष इन्सुलिनच्या माथी मारता येत नाही. अशा रात्री नोंदल्या नाहीत, की तीन दिवसांनी त्या आठवत नाहीत.

योजनेच्या कागदावर काय असावे

चांगल्या योजनेत इन्सुलिनचे नाव आणि ताकद, सुरुवातीचे युनिट, घ्यायची वेळ, सकाळच्या साखरेचे लक्ष्य, किती दिवसांनी किती युनिट वाढवायचे, कोणत्या आकड्याला कमी करायचे, किती युनिटपर्यंत स्वतः जायचे आणि कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, एवढे लिहिलेले असते. यातील काही राहिले असेल तर दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी विचारून लिहून घ्यावे. वरची मर्यादा बहुतेक वेळा राहून जाते आणि तीच सर्वांत महत्त्वाची असते. त्याचे कारण पुढे येईल. लक्ष्य अनेकांना ८० ते १३० दिले जाते, पण एकटे राहणाऱ्या वयस्कर व्यक्तीला किंवा आधी साखर धोकादायक उतरलेली आहे अशाला डॉक्टर ते वर ठेवतात. शेजाऱ्याचे लक्ष्य आपले समजू नये.

उदाहरणासाठी मंगळवार पेठेत राहणाऱ्या ५८ वर्षांच्या एक गृहिणी घेऊ. हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे. वजन ६४ किलो, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या चालू, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी ९.२. त्यांच्या कागदावर डॉक्टरांनी असे लिहिले आहे:

> ग्लार्जिन, १०० युनिट प्रति मिली, पेन. रोज रात्री १० वाजता. सुरुवात १० युनिट. सकाळचे लक्ष्य ९० ते १३०. दर तीन दिवसांनी मागचे तीन आकडे पाहा. तिन्ही १३० च्या वर असतील तर २ युनिट वाढवा. तिन्ही वर नसतील तर तोच डोस. एकही आकडा ७० च्या खाली आला तर त्याच रात्री ४ युनिट किंवा १० टक्के, यांपैकी जे जास्त ते कमी करा आणि फोन करा. ३२ युनिटच्या पुढे विचारल्याशिवाय जाऊ नका.

तीन आठवड्यांची वही

१० युनिटवर पहिल्या तीन सकाळी २१२, २०४ आणि १९६ आले. तिन्ही १३० च्या वर, म्हणून तिसऱ्या रात्री १२ युनिट. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, की सकाळी २१२ दिसले म्हणून त्याच सकाळी जादा युनिट टोचायचे नसतात. निर्णय सकाळी होतो, बदल नेहमीच्या वेळी रात्री होतो.

१२ युनिटवर १८८, २२६ आणि १८१ आले. मधला आकडा लग्नातल्या उशिराच्या जेवणाचा होता आणि तसे वहीत लिहिले होते. तो बाजूला ठेवला तरी उरलेले दोन्ही लक्ष्याच्या बरेच वर असल्याने निर्णय बदलत नाही आणि १४ युनिट होतात. पण २२६ पाहून घाबरून एकदम ४ किंवा ६ युनिट वाढवण्याची परवानगी कागदाने दिलेली नाही.

१४ वर १७६, १६९, १७२ आले, म्हणून १६. त्यावर १५८, १६३, १४९, म्हणून १८. पुढच्या तीन सकाळी १४६, १५१ आणि १२८ आले. येथे एक आकडा लक्ष्यात आहे, तेव्हा कागदाप्रमाणे डोस १८ च राहतो. या जागी पुष्कळ जणांचा हात शिवशिवतो, कारण दोन आकडे अजून वर असतात. पण याच टप्प्यावर घाई केली तर आठवड्याभरात पहाटे घाम फुटतो. तीन दिवस थांबल्यावर १४१, १३८, १४४ आले आणि मग २० युनिट झाले. २० वर १२४, १३१, ११८. डोस २० वर कायम.

एवढ्यात त्यांच्या घरी घट बसले आणि त्यांनी उपवास धरला. दिवसा साबुदाण्याची खिचडी, रात्री फक्त एक केळे, आणि गोळ्या मात्र नेहमीप्रमाणे. दुसऱ्या पहाटे थरथर सुटून जाग आली आणि मीटरवर ६६ दिसले. त्यांनी साखरेचे पाणी घेतले आणि सकाळी दवाखाना उघडताच फोन केला.

"डॉक्टरसाहेब, आज पहाटे सहासष्ट आली. इन्सुलिन बंद करू का?"

"बंद नको. कागदात लिहिलंय तसं आज रात्री कमी करा. आणि मला सांगा, उपवासाला ग्लिमेपिराइड घेतली होती का?"

२० चे १० टक्के म्हणजे २. चार त्याहून जास्त, म्हणून त्या रात्री १६ युनिट. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जेवण झालेले असो वा नसो, त्यामुळे उपाशी पोटी तिचा आणि टोचलेल्या इन्सुलिनचा जोर एकत्र येतो. डॉक्टरांनी ती गोळी उपवासाच्या दिवसांपुरती बंद केली आणि नंतर निम्म्यावर आणली. घट उठल्यावर १६ युनिटवर तीन सकाळी १४२, १४७, १३९ आले आणि डोस पुन्हा १८ झाला. आकडा कमी येण्याचे कारण सापडले, तरी कागद सांगतो तेवढे कमी करायचे आणि कारण डॉक्टरांना सांगायचे; "उपवास होता म्हणून झालं" असे स्वतःच ठरवून २० वर राहायचे नाही. नवरात्र, श्रावणी सोमवार, एकादशी असे जे उपवास ठरलेले असतात त्यांची यादी योजना घेतानाच डॉक्टरांपुढे ठेवली असती, तर ही पहाट टळली असती.

साखर ७० च्या खाली गेली तर

थरथर, घाम, धडधड, अचानक भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे असतात. रात्री ती उशी घामाने भिजणे, वाईट स्वप्ने पडणे किंवा सकाळी डोके जड असणे अशा रूपात दिसतात. शक्य असेल तर मोजावे, मीटर जवळ नसेल तर न मोजता उपचार करावा. साधारण १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जायला हवी, म्हणजे तीन ते चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून. पेढा, चॉकलेट किंवा दूध त्यासाठी योग्य नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे आणि नीट वर आल्यावर भाकरी किंवा पोळीचे काही खावे. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. ५४ च्या खालचा आकडा किंवा दुसऱ्याच्या मदतीची गरज पडलेला कोणताही प्रसंग त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचा असतो. मीटरवर `LO` दिसले तर ते बिघडले असे समजू नये. साखर मीटरच्या मोजण्याच्या टोकाखाली गेली आहे असा त्याचा अर्थ आहे.

डोस वाढतो आहे, पण सकाळ उतरत नाही

अशा वेळी आणखी युनिट वाढवण्याआधी सुईकडे पाहावे. पोटावर रोज त्याच जागी टोचत राहिले तर तेथे चरबीची मऊ गाठ तयार होते. ती कमी दुखते म्हणून हात तेथेच जातो आणि तेथून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषले जाते. बोटांनी चाचपून अशी जागा सापडली तर ती सोडून द्यावी, पण आधी डॉक्टरांना सांगावे, कारण निरोगी जागी तोच डोस जास्त काम करू लागतो आणि साखर एकदम उतरू शकते. पेनमध्ये दर वेळी २ युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब दिसतो का ते पाहावे आणि टोचल्यावर बटण दाबून धरून दहापर्यंत मोजावे. चालू पेन ३० अंशांच्या आत ठेवल्यास ग्लार्जिन २८ दिवस चालते. एप्रिल-मेमध्ये दुचाकीच्या डिकीत राहिलेल्या पेनवर भरवसा ठेवू नये, आणि फ्रीझरमध्ये गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये.

बाटली आणि सिरिंज वापरणाऱ्यांनी ताकद दर वेळी वाचावी. लाल टोपीची सिरिंज ४० युनिट प्रति मिलीच्या बाटलीसाठी असते आणि केशरी टोपीची १०० च्या बाटलीसाठी. १०० च्या बाटलीतून लाल सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत भरले तर शरीरात २५ युनिट जातात. औषधाच्या दुकानातून घाईत सिरिंज आणताना होणारी ही चूक योजनेतील सगळे गणित एका रात्रीत मोडते, म्हणून बाटलीच्या लेबलावरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून जुळवावा.

हे सर्व ठीक असेल तर तीन-चार रात्री झोपण्यापूर्वीची साखरही मोजावी. झोपताना १४५ आणि सकाळी १८५ असेल तर रात्रभराचे इन्सुलिन खरोखर कमी पडते आहे आणि योजनेप्रमाणे वाढवणे योग्य आहे. झोपताना २३० आणि सकाळी १९० असेल तर इन्सुलिन त्याचे काम करते आहे, घोटाळा रात्रीच्या ताटात किंवा जेवणाच्या वेळेत आहे. आणि झोपताना २४०, सकाळी ११० अशी मोठी घसरण वारंवार दिसली तर बेसल इन्सुलिन जेवणाची साखर ओढून नेण्यासाठी वापरले जात आहे. हा फरक ५० च्या पुढे जाऊ लागला की युनिट न वाढवता डॉक्टरांकडे जावे. ज्या रात्री जेवण हलके होईल त्या रात्री हीच घसरण १५० वरून सुरू होईल, आणि मग ती कोठे थांबेल याचा अंदाज कोणालाही करता येतो.

वरची मर्यादा येथेच उपयोगी पडते. वजनाच्या दर किलोला साधारण ०.५ युनिटच्या पुढे बेसल इन्सुलिन वाढवत नेले तर सकाळची साखर फारशी सुधारत नाही. रात्री साखर उतरण्याचा धोका आणि वजन मात्र वाढते. ६४ किलोला हा आकडा ३२ येतो, तोच त्या बाईंच्या कागदावर होता. मर्यादेपर्यंत पोहोचूनही सकाळ लक्ष्यात आली नाही, तर औषध बदलण्याचा किंवा जोडण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो.

पहाटे साखर उतरून सकाळी उसळी घेते असे पुष्कळदा सांगितले जाते. बोलण्यात येते तितक्या वेळा ते घडत नाही. सकाळची चढ बहुधा पहाटेच्या संप्रेरकांमुळे किंवा अपुऱ्या डोसमुळे असते. तरी शंका असेल तर तर्क करत बसण्यापेक्षा दोन रात्री तीनचा गजर लावून मोजावे.

योजना बाजूला ठेवायचे दिवस

ताप, उलट्या, जुलाब, शस्त्रक्रिया किंवा नव्याने सुरू झालेले स्टेरॉइड अशा दिवसांत तीन आकड्यांचा नियम लागू होत नाही. इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये आणि वाढवूही नये. डॉक्टरांना फोन करून त्या दिवसांपुरता डोस विचारावा. रात्रीचा डोस विसरला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. किती तास उशीर झाला तर घ्यायचा आणि कधी सोडून द्यायचा, हे आपल्या इन्सुलिनप्रमाणे कागदावर आधीच लिहून घ्यावे. विसरलेल्या रात्रीनंतरचा सकाळचा आकडा हिशेबातून वगळावा आणि तीन दिवसांची मोजणी नव्याने सुरू करावी.

डोस एकदा स्थिरावला की रोजचे मोजणे आठवड्यातून किती वेळा करायचे हे डॉक्टर सांगतील. तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासतात. सकाळचे आकडे लक्ष्यात असूनही ती वर राहिली, तर जेवणानंतरची साखर वाढते आहे असे समजावे आणि रात्रीच्या इन्सुलिनला हात लावू नये. त्या भेटीला जाताना वही, मीटर, चालू असलेले पेन किंवा बाटली आणि घरातली सिरिंज अशा वस्तू सोबत न्याव्यात, आणि डॉक्टरांसमोर एकदा प्रत्यक्ष युनिट भरून दाखवावेत.